चेतनचा चोरून धरलेला उपवास (कथा), आणि शिवरात्रीच्या भगरीबद्दल एक प्रश्न

पांझराकाठ

महाशिवरात्र तोंडावर आली आहे म्हणून ही गोष्ट इथे टाकतोय. गाव अमळनेर तालुक्यातलं, तापी-पांझरेच्या संगमावर चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं. संगमावर कपिलेश्वराचं देऊळ आहे आणि शिवरात्रीला तिथे यात्रा भरते. मोठमायचं बोलणं अहिराणीतच ठेवलं आहे, तिच्या तोंडी दुसरी भाषा मला ऐकूच येत नाही. शेवटी एक प्रश्न विचारला आहे, त्यावर जरूर लिहा.

चेतन पाचवीत होता. दिवाळीत त्याला कावीळ झाली होती, त्यामुळे शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आईने आधीच सांगून टाकलं, "यंदा उपवास-बिपवास काही नाही. मोठा झाला की धर."

पण गल्लीतली मोठी पोरं रात्री संगमावर जाणार होती. त्यातला भूषण पारावर बसून छातीठोकपणे सांगत होता, "ज्याला उपवास नाही त्याने पिंडीवर पाणी घालायचं नसतं. आणि दिवसभरात घोटभर पाणी प्यायलं तरी उपवास मोडला." चेतनने दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि घरी येऊन कुणाला काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी अंधारातच उठायचं होतं. हरभरा उपटायला आला होता, आणि तो दव असेपर्यंतच उपटावा लागतो. ऊन चढलं की घाटे तडकतात, दाणे मातीत जातात. आईला आणि मोठमायला उपवास, म्हणून आईने चेतनपुरती कळण्याची भाकरी टाकली, वर ठेचा ठेवला. तो ताट घेऊन ओट्यावर गेला. भाकरी बकरीने खाल्ली, चहा मोरीत गेला. रिकामं ताट आणून त्याने आईच्या हातात दिलं.

"जेवलास?"

"हो."

शेतात मोठमाय, दोन मजूर बाया आणि चेतन. नऊपर्यंत त्याला काहीच वाटलं नाही, उलट अंगात बळ आल्यासारखा तो वाफा मारत पुढे जात होता. मग ऊन लागायला लागलं. पलीकडच्या बांधाला एका बाईच्या पोराने काटक्या पेटवून हिरव्या घाट्यांचा हुळा भाजायला घेतला. एरवी हुळा भाजायला चेतन सगळ्यांच्या पुढे असायचा. आज हाक मारली तरी तो गेला नाही. हरभऱ्याची आंब बोटांना लागली होती, घाम पुसताना ती ओठाला लागली आणि सवयीने त्याने जीभ फिरवली. ती आंबट चव कळताच तो दचकला आणि तीन-चार वेळा थुंकला. मोठमाय पाठमोरी होती, तरी तिचं लक्ष होतं.

साडेअकराच्या सुमारास काम थांबलं. निंबाखाली जाताना चेतनने खोडाला हात टेकला आणि तो तसाच उभा राहिला. मोठमायने मजूर बायांना विहिरीकडे पाठवलं आणि त्याला जवळ बसवलं.

"जीभ दखाड."

त्याने दाखवली. कोरडी, पांढरट.

"सकायपाईन बांधावर गया नहीं तू. पानी कव्हय पिना?"

तो काही बोलेना.

"उपास शे ना तुले?"

त्याचे डोळे भरून आले. "मोठमाय, मन्ही मायले सांगू नको."

ती रागावली नाही. तिच्या फराळाच्या फडक्यात उकडलेली रताळी, गूळ आणि पुडीत सैंधव होतं. लोट्यातल्या पाण्यात तिने गुळाचा खडा विरघळवला, चिमूटभर सैंधव टाकलं आणि लोटा त्याच्यापुढे धरला.

"उपास मोडी जाई ना!"

"पानीघाई मोडत नहीं. मी इतला वरीसपाईन करस, मी पेस ना पानी. घोट घोट पे."

तो प्यायला. थोड्या वेळाने तिने त्याला अर्धं रताळं दिलं, मग उरलेलं अर्धं. तोंडाला रंग आल्यावर तिने विचारलं, "भाकर कोले दिधी?"

"बकरीले."

मोठमायने मान हलवली आणि हातातल्या काटकीने मातीत रेघोट्या ओढत तिने व्याधाची गोष्ट सुरू केली. व्याध बेलाच्या झाडावर बसला होता. शिकार दिसावी म्हणून पानं तोडून खाली टाकत होता, आणि खाली पिंड आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. दिवसभर पोटात काही गेलं नव्हतं, रात्रभर जागरण घडलं. चेतनला ही गोष्ट येत होती, म्हणून तो मधेच म्हणाला, "मग व्याधाने कुठे कुणाला सांगितलं होतं उपवास आहे म्हणून?"

"त्याले सोताले मालूम नव्हतं, तो काय सांगी? तुले मालूम व्हतं." मग जरा थांबून तिने विचारलं, "हरणी काय बोलनी त्याले?"

"घरी सांगून परत येते, मग मार."

"मरण समोर उभं व्हतं, तरी ती घर सांगाले गयी. आनि सांगीसन परत उनी. तू काय कया?"

चेतन घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. आई चुलीपुढे शेंगदाणे भाजत होती. त्याने उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं, बकरीसकट. आईने पहिल्यांदा विचारलं, पाणी प्यायलास का. मग विचारलं, लघवी पिवळी झाली का. मग कढई उतरवून त्याला चांगलंच झापलं. "मला सांगितलं असतंस तर सकाळीच रताळी उकडली असती ना!" रागवून झाल्यावर तिने अटी घातल्या. तासातासाला पाणी प्यायचं. दूध, रताळं, दाणे जे देईन ते खायचं. डोकं दुखलं तर भाकरी खायची, तेव्हा हुज्जत चालणार नाही. आणि रात्री संगमावर चालत जायचं नाही. दुपारी तिने कवठाचा गर गूळ-जिरं घालून कालवला आणि त्याच्या वाटीत दोन चमचे घातला.

संध्याकाळी तो बेल आणायला पळाला, तर मोठमायने दारातूनच परत बोलावलं. आज चतुर्दशी, आज बेल तोडत नाहीत. तिचा बेल कालच तोडून ओल्या फडक्यात ठेवलेला होता. तिन्ही दलं धड असलेली पानं तिने त्याला निवडायला लावली, फाटकी आणि किडकी बाजूला काढली. पान पालथं वाहायचं, गुळगुळीत बाजू पिंडीला लागली पाहिजे. कमी पडली तर आधी वाहिलेलीच धुऊन पुन्हा वाहायची. गावातल्या महादेवावर चेतनने लोटाभर पाणी घातलं. प्रदक्षिणा घालताना तो पन्हाळीपाशी थांबला आणि उलटा फिरला, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. पहिला प्रहर संपायच्या आतच तो देवळात मोठमायच्या मांडीवर झोपला.

सकाळी अंघोळ झाल्यावर आईने आधी मऊ भात आणि कढी वाढली, पोळी दुपारी. पारावर भूषण भेटला. "पाणी प्यायलास ना? मग मोडला तुझा."

"माझ्या मायला विचार," चेतन म्हणाला.

आता प्रश्न. गोष्टीत आई भगर करत नाही, कारण आमच्या घरात एकादशीला भगर होते पण शिवरात्रीला होत नाही. रावेर-यावलकडच्या वाचकांना हे खटकेल का? तुमच्याकडे काय रीत आहे?

रावेरची_लेक

खटकलंच! आमच्याकडे भगर आणि दाण्याची आमटी नसेल तर उपवास वाटतच नाही, मग एकादशी असो की शिवरात्र. पण माझी जाऊ धुळ्याची आहे, ती शिवरात्रीला भगरीला हात लावत नाही. कारण विचारलं तर "शंकराला चालत नाही" एवढंच. का चालत नाही? कवठाचं मात्र अगदी बरोबर लिहिलंत, शिवरात्रीला कवठ हवंच.

तापीतटी

कथा चांगली आहे, पण मोठमायने मुलाचा उपवास मोडला असं माझं स्पष्ट मत आहे. निर्जळ हाच खरा उपवास. आमचे आजोबा थेंबभर पाणी घेत नसत. रात्री बाराची पूजा झाली की मग फळं खाऊन उपवास सोडत. एका दिवसाने काही होत नाही.

जुनी_पोथी

तापीतटी, तुमच्या आजोबांचा नेम मोठा होता, त्याबद्दल दुमत नाही. निर्जळही करतात, फलाहारही करतात, नक्तही करतात. ज्याला जे झेपेल ते, आणि लहान, म्हातारे, आजारी यांना सवलत पहिल्यापासून आहे. पण बाराचं तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. माघ वद्य चतुर्दशी ज्या दिवशी मध्यरात्री असेल तो शिवरात्रीचा दिवस धरतात, म्हणून बाराच्या पूजेला मान. पारणं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. शिवरात्रीला चार प्रहरांच्या चार पूजा असतात, मग दुसऱ्या पूजेनंतरच उपवास सुटला तर उरलेल्या दोन कशाला?

भगरीबद्दल: ही घराण्याची रीत आहे, शास्त्र दाखवा म्हणाल तर मला दाखवता येणार नाही. काही घरांत तिला धान्यच मानतात, भातासारखी शिजते आणि भातासारखीच पोटभर खाल्ली जाते म्हणून. रावेरच्या ताईंचं चूक नाही आणि पांझराकाठ यांचंही नाही.

व्याधाची गोष्ट शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायात आहे. श्रीधरांनी तो ग्रंथ 1718 साली बारामतीत पूर्ण केला. आमच्याकडे अकरावा अध्याय नेहमी वाचला जातो, दुसरा मात्र शिवरात्रीला. मोठमायने ऐकूनच पाठ केला असणार. "घरी सांगून येते" हे हरणीचं वाक्य मी आयुष्यभर वाचत आलो, पण ते एखाद्या पोराला असं लागू करता येईल हे सुचलं नव्हतं.

सिस्टर_चोपडा

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून फक्त पाण्याबद्दल बोलते. "एका दिवसाने काही होत नाही" हे घरात सावलीत बसलेल्या मोठ्या माणसाबद्दल एक वेळ ठीक. दहा वर्षांचं पोर, खानदेशातलं फेब्रुवारी-मार्चचं ऊन आणि शेतातलं काम एकत्र आलं की दुपारपर्यंतच बाधतं. मोठमायने जे बघितलं तेच आम्ही बघतो: जीभ कोरडी, सकाळपासून लघवी नाही, उभं राहताना तोल जातो. याच्या पुढची पायरी म्हणजे पोर पेंगायला लागतं, हाक मारली तरी नीट बोलत नाही, किंवा दिलेलं पाणी उलटून पडतं. तेव्हा लोटा घेऊन बसू नका, सरळ दवाखान्यात आणा.

गूळ-सैंधवाचं पाणी तिने घोट घोट दिलं, ते योग्यच. गटागटा प्यायला लावलं असतं तर बहुतेक उलटी झाली असती. घरी करायचं तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर 6 सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका, त्याने बिघडतं.

आणि त्या आईच्या प्रश्नाबद्दल. कावीळ होऊन गेलेल्या पोराची लघवी पिवळी दिसली की घरचे घाबरतात. पण पाणी कमी पडलं तरी ती गडद पिवळी होते. दोन-तीन तास पाणी पाजून पुन्हा बघायचं. फिकी झाली तर पाण्याचीच कमतरता होती. गडदच राहिली किंवा डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासायचं. दूषित पाण्याने होणारी साधी कावीळ बहुतेक मुलांना दोन-तीन महिन्यांत पूर्ण सोडते, पण दिवाळीनंतरच्या पहिल्याच उपवासाला आई नको म्हणाली यात तिचं काही चुकलं नाही.

चाळीसगावकर_बाबा

वाचून राहवलं नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची, तिला लहानपणापासून मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घेते. गेल्या शिवरात्रीला मैत्रिणींचं बघून तिनेही असंच गुपचूप धरलं. इन्सुलिन घेतलं आणि नाश्ता मात्र दप्तरात ठेवला. दहाच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरत होते. शेजारच्या काकूंनी ओळखलं आणि साखरेचं पाणी दिलं म्हणून निभावलं. आता तिला काय सांगायचं? उपवास नाही म्हटलं की रडते.

सिस्टर_चोपडा

बाबा, तिच्या बाबतीत उपवास नाहीच, अगदी फराळाचाही तुमच्या मनाने नाही. इन्सुलिन घेतलं की ठरलेलं खाणं ठरलेल्या वेळी गेलंच पाहिजे, आणि उपवासासाठी इन्सुलिन टाळणं तर त्याहून धोक्याचं. साबुदाणा, रताळं यांनी साखर भराभर चढते, म्हणून "उपवासाचं खाल्लं तर चालेल" हा हिशेबही तिला लागू नाही. तिचे डॉक्टर सांगतील तेवढंच. घामाची आणि थरथरीची खूण तिच्या मैत्रिणींना आणि वर्गशिक्षकांना सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध होणार नाही.

जुनी_पोथी

बाबा, तिला आदल्या दिवशी बेल तोडायला आणि निवडायला द्या. 108 पानं धड निवडायला तासभर सहज जातो. आमच्या आईला शेवटची वर्षं उपवास झेपत नव्हता, तेव्हा घरातला सगळा बेल तीच निवडायची, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती.

भुसावळ_जंक्शन

यात्रेचा विषय निघालाच आहे तर, चांगदेवच्या यात्रेला भुसावळहून जादा बस असतात का? लहान मुलं सोबत आहेत, रात्री परत यायला गाडी मिळेल?

रावेरची_लेक

दादा, इथे कपिलेश्वराची यात्रा चालली आहे, ती तापी-पांझरेची. तुमची तापी-पूर्णेच्या संगमावरची. चांगदेव-मुक्ताईची यात्रा माघ वद्य एकादशीपासूनच सुरू होते, त्यामुळे शिवरात्रीच्या आधी एखाद दिवस गेलात तर मुलांना गर्दी कमी लागेल. गाड्यांच्या वेळा डेपोतच विचारा.

गिरणाकाठची

मला एक गोष्ट पटली नाही. मुलाने मोठमायकडे सांगू नको म्हणून विनवणी केली, विश्वास टाकला. तिने त्याच्याकडूनच आईला सांगवलं. माझ्या आजीने माझी अशी गुपितं पोटात ठेवली होती आणि म्हणूनच मी तिला सगळं सांगायचे. गोष्टीतला चेतन पुढच्या वेळी मोठमायलाही सांगणार नाही, असं वाटतं.

पांझराकाठ

गिरणाकाठची, तुमचा मुद्दा मी लिहिताना बराच वेळ उलटसुलट करून पाहिला होता. मोठमाय स्वतः जाऊन आईला सांगते असं लिहिलं असतं तर तो विश्वास मोडला असता. ती सांगत नाही. ती गोष्ट सांगते आणि घरापर्यंतची वाट त्याच्यावर सोडते. शिवाय हे गुपित त्याच्या शरीराचं होतं. रात्री तो आजारी पडला असता तर आईला कावीळ आठवली असती, आणि सकाळी पोर जेवलंय असं समजून ती चुकीच्याच दिशेने धावली असती. त्याने धरलेल्या उपवासात मला काही गैर दिसत नाही. बकरीला टाकलेली भाकरी आणि त्यानंतरचा "हो" मला गैर वाटतो.

गिरणाकाठची

शरीराचं गुपित म्हणता ते मान्य. तरी त्याने स्वतःहून सांगितलं की सांगावं लागलं, हे मला गोष्टीत कळत नाही. आणि दहा वर्षांच्या मुलाला हरणीच्या मरणाची गोष्ट सांगणं म्हणजे जरा जडच दडपण आहे.

तापीतटी

पारण्याबद्दल घरी विचारलं. वडील म्हणाले, आजोबा बाराला फक्त तीर्थ घेत, जेवण सकाळीच करत. फळांचं मी ऐकीव लिहिलं होतं. निर्जळीबद्दल मात्र माझं मत तेच आहे, मोठ्यांसाठी. मुलांसाठी सिस्टर सांगतात ते मानतो.

रावेरची_लेक

भगरीचा वाद राहिला तो राहिला. पण आईने आज दुकानातून सुटं भगरीचं पीठ आणलंय, भाकरी थापायला. चालेल ना? उपवासाच्या दिवसात भगरीने विषबाधा झाल्याचं दरवर्षी कुठे ना कुठे ऐकू येतं.

सिस्टर_चोपडा

ताई, सुटं पीठ घेऊच नका. पीठ पडून राहिलं, दमट झालं की त्याला बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष शिजवून जात नाही. चांगलं दिसणाऱ्या पिठातही असू शकतं. मग खाल्ल्यावर काही तासांत मळमळ, चक्कर आणि हातापायांना कंप. असे रुग्ण आमच्याकडे घरच्या घरं एकत्र येतात, कारण सगळ्यांनी एकाच पिठाच्या भाकरी खाल्लेल्या असतात. अख्खी भगर पाकीटबंद, तारीख बघून आणा. निवडून, धुऊन कडक उन्हात वाळवा आणि लागेल तेवढीच घरी दळा. आणलेल्या पिठाला कुबट वास येत असेल तर जनावरांनाही घालू नका. वास येत नसला तरी मी ते परत केलं असतं.